चाकणच्या प्लांटमधल्या आगीबद्दल पत्रकाराला काय सांगू?

प्रश्न: सकाळी प्लांटला आग लागली, पत्रकार कारण विचारतोय, काय सांगू?

कारण सांगूच नका, "तपास चालूये" एवढंच. मी पुण्यात कंपन्यांचं पीआर बघते, "शॉर्ट सर्किट असावं" म्हटलं की छापताना 'असावं' गळतं आणि पुढे इन्शुरन्सवाला तेच कात्रण दाखवतो. आधी त्याची डेडलाइन विचारा, मग वेळ टाकून लेखी पाठवा: "दुपारी १ पर्यंतची माहिती: ९.४० ला पेंट शॉपमध्ये आग लागली, ११ ला विझली." जखमींचा आकडा सेफ्टी ऑफिसरने कन्फर्म केला तरच. आणि बोलून झाल्यावर "हे ऑफ द रेकॉर्ड हं" म्हणून काही होत नाही, ते आधी ठरवावं लागतं. फक्त कंपनी लिस्टेड असेल तर पाठवायच्या आधी कंपनी सेक्रेटरीला विचारा, मोठी घटना पहिली स्टॉक एक्स्चेंजला कळवावी लागते.