शके १६□८: उडालेला आकडा कसा ठरवायचा?

प्रश्न: "जुन्या बारवेतल्या शिलालेखात 'शके १६□८ □य नाम संवत्सरे माघ शुद्ध ५ भृगुवासरे' एवढं लागतं. चौकोनाच्या जागी दगडाचा पापुद्रा निघालाय. काहीजण संवत्सर 'विजय' वाचतात. उडालेली अक्षरं कशी ठरवायची? खडू फिरवून फोटो काढू का?"

खडू अजिबात फिरवू नका. खडूची पूड दगडाच्या छिद्रांत बसते ती लवकर निघत नाही, हे एक. त्याहून मोठा तोटा असा की आपल्याला जिथे खाच आहे असं वाटतं तिथेच हात फिरतो, आणि मग फोटोत दगडावरचं अक्षर न दिसता आपलं वाचन दिसायला लागतं. लेखावर आधी कोणी तेलरंगाने अक्षरं भरून ठेवली असतील तर तोही पुरावा धरू नका. ते त्या माणसाचं वाचन आहे.

खडूचं काम तिरका प्रकाश करतो. अंधार पडल्यावर कॅमेरा स्टँडवर पक्का बसवा आणि टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, बाजूने प्रकाश टाका. एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, एक वरून, एक खालून. चारही लागतात, कारण प्रकाशाच्या दिशेने जाणारी रेघ सावली टाकत नाही आणि फोटोतून गायब होते. उभा दंड बाजूच्या प्रकाशात उठून दिसतो, शिरोरेषा वरच्या किंवा खालच्या. समोरासमोरच्या प्रकाशातल्या दोन फोटोंत जी रेघ एकाच जागी राहते पण जिची सावली बाजू बदलते, ती खरी खाच. नुसता डाग असेल तर तो चारही फोटोंत तसाच दिसतो.

आता 'विजय'कडे येऊ. साठ संवत्सरांत शेवटी सुटा 'य' येणारी चार नावं आहेत: व्यय, विजय, जय आणि क्षय. शुभ अर्थामुळे मन आधी विजयाकडे धावतं, पण इथे ते बसत नाही. दक्षिणेकडच्या गणनेत शकात १२ मिळवून ६० ने भागलं की जी बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला, आणि बाकी शून्य आली तर साठावा, म्हणजे क्षय. उदाहरणार्थ शके १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावं नाव आनंद. राज्याभिषेकाचं वर्ष ते हेच.

६० ला १० ने भाग जातो, त्यामुळे संवत्सर कळला की शकाचा एकम स्थानचा आकडा आपोआप ठरतो. विजय सत्ताविसावा, म्हणून त्याच्या शकाच्या शेवटी नेहमी ५ येणार. जय अठ्ठाविसावा, त्याच्या शेवटी ६. तुमच्याकडे शेवटी ८ आहे आणि तो शाबूत आहे, तेव्हा हे दोन्ही बाद. उरले व्यय (विसावा) आणि क्षय (साठावा). सोळाशेच्या शतकात व्यय येतो शके १६२८ आणि १६८८ ला, क्षय येतो १६०८ आणि १६६८ ला. म्हणजे त्या उडालेल्या जागी दहापैकी वाटेल तो आकडा असू शकत नाही. ०, २, ६ किंवा ८ यांपैकीच एक असणार. एवढं हाताशी आल्यावर पापुद्र्याच्या कडेला उरलेली अर्धी खाचही बोलायला लागते. वरचा पोटाचा बाक डावीकडे उघडा असेल तर २, उजवीकडे उघडा असेल तर ६. शून्य बंद असतं. आणि ८ तर शेजारीच आहे, त्याच हाताने कोरलेला, त्याच्याशी ताडून बघा.

संवत्सराच्या अक्षराचंही तसंच करा. 'क्ष' आणि 'व्य' दोन्हींच्या उजव्या कडेला उभा दंड असतो, म्हणून नुसता दंड दिसला तर काहीच ठरत नाही. दंडाच्या डावीकडे, अक्षराच्या खालच्या अर्ध्या भागात बघा. 'व्य'मध्ये तिथे 'य'चा बाक असतो, आणि पुढचा 'य' तुमच्याकडे पूर्ण आहे. त्याचा बाक मोजा: किती रुंद, दंडाला कुठे मिळतो. तोच बाक तेवढ्याच उंचीवर आधीच्या अक्षरात उमटलेला दिसला तर व्यय. त्याऐवजी तिथे रेघा एकमेकींना छेदून जात असतील तर क्षय. अक्षराची तुलना नेहमी त्याच लेखातल्या अक्षराशी करावी. छापील वळणाशी केली की फसगत होते.

तरीही दोन वर्षं उरतील, साठ वर्षांच्या अंतराने. तिथे वार कामाला येतो. भृगुवासर म्हणजे शुक्रवार. जुन्या काळापर्यंत जाणाऱ्या जंत्रीत दोन्ही वर्षांची माघ शुद्ध पंचमी काढा आणि कोणत्या वर्षी शुक्रवार येतो ते पाहा. एका वर्षी जुळला आणि दुसऱ्या वर्षी दोन-तीन वारांचा फरक पडला, तर पुरावा चांगला. फरक एकाच वाराचा असेल तर ते वर्ष लगेच बाद करू नका, कारण तिथी सूर्योदयाला धरतात आणि जुन्या पंचांगाचं गणित एखादा दिवस पुढेमागे होऊ शकतं. क्वचित कोरणाऱ्याने गत शक, म्हणजे पूर्ण झालेली वर्षं, न देता वर्तमान शक, म्हणजे चालू वर्षाचा क्रमांक, दिलेला असतो, तेव्हा आकडा एकाने वाढतो आणि वरचं सगळं गणित एक घर सरकतं. आणि नर्मदेच्या उत्तरेकडच्या लेखांना हे सूत्र लावू नका, तिथला संवत्सरांचा क्रम वेगळा चालतो.

हे भरणं कुठपर्यंत न्यायचं याचा नमुना रायगडावर आहे. जगदीश्वराच्या देवळातल्या लेखात शक शब्दांत दिला आहे: "शाके षण्णवबाणभूमिगणनादानन्दसंवत्सरे". सहा, नऊ, बाण म्हणजे पाच, भूमि म्हणजे एक. उलट्या क्रमाने वाचलं की १५९६. समजा 'बाण' ही दोन अक्षरं उडाली असती. श्लोक शार्दूलविक्रीडितात आहे, चरणात १९ अक्षरं, आणि त्या जागी एक गुरू व एक लघू हवा. शेवटी ९६ असलेला आनंद संवत्सर दर तीनशे वर्षांनी येतो: १२९६, १५९६, १८९६. श्लोकात शिवछत्रपतींचं नाव आहे, म्हणून १५९६ नक्की, आणि आकडा पाचच. पण शब्द? पाचासाठी 'शर' किंवा 'इषु' वृत्तात बसत नाहीत, कारण दोन्ही लघू-लघू. 'भूत' मात्र 'बाण'इतकाच चपखल बसतो. म्हणजे वर्ष खात्रीने भरता आलं असतं, शब्द नाही.

म्हणून वाचन लिहून ठेवताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. स्पष्ट दिसतं ते तसंच लिहा. आकाराच्या अवशेषावरून किंवा गणिताने भरलेलं चौकटी कंसात, जसं १६[२]८, आणि खाली एका ओळीत कशावरून भरलं ते. जे भरता येत नाही तिथे जितक्या अक्षरांची जागा आहे तितके ठिपके. पूर्ण ओळींतल्या अक्षरांची सरासरी रुंदी काढली की जागा किती अक्षरांची ते कळतं.

दगडावर कागद बसवून शाईचा ठसा घ्यायचा विचार असेल तर बारव संरक्षित आहे का ते आधी बघा, असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तूर्त चार दिशांच्या प्रकाशातले फोटो इथे टाका, प्रत्येकात दगडाशेजारी मोजपट्टी ठेवून. 'य'च्या आधीचं अक्षर आणि तिसरा आकडा यांचे जवळून घेतलेले फोटो वेगळे द्या.