निविदा अहवालाचा सारांश : आधी नाकारलेल्यांचं लिहा

अहवाल चाळीस पानांचा असला तरी सोसायटीची व्यवस्थापक समिती दोनच गोष्टी विचारते: स्वस्तवाला का नाही, आणि अमक्याला बाद का केलं? सारांश तेवढ्यासाठीच लिहा.

बाद केलेल्या प्रत्येकासाठी एक ओळ पुरते: अट क्रमांक, काय मागितलं होतं, काय आलं. 'कागदपत्रं अपुरी' हे कारण नव्हे. 'अट ७: बयाणा रक्कम १ लाख, लिफाफ्यात डीडी नाही' हे कारण. निविदेत नसलेली अट सारांशात आणू नका. नवीन माणूस हमखास इथेच घसरतो. तांत्रिक छाननीत बाद झालेल्याचा दराचा लिफाफा उघडलेलाच नसतो, म्हणून 'तो स्वस्त होता' हा मुद्दाच उरत नाही. हे वाक्य मी दरवेळी ठळक करतो.

आता गुण. समजा तांत्रिकला ७० आणि दराला ३० टक्के वजन आहे. 'अ'चे तांत्रिक गुण ८२, दर ४८ लाख. 'ब'चे ७४, दर ४० लाख. सर्वात कमी दराला १०० गुण, म्हणजे 'अ'ला ४० भागिले ४८ गुणिले १००, सुमारे ८३.३. बेरीज: 'अ' ५७.४ अधिक २५, म्हणजे ८२.४, 'ब' ५१.८ अधिक ३०, म्हणजे ८१.८.

फरक ०.६, आणि त्यासाठी ८ लाख जास्त! समिती इथे अडणारच. तेव्हा ते आठ तांत्रिक गुण कशाचे, तेही तिथेच लिहा: अशाच इमारतींच्या दुरुस्तीचा अनुभव, साइटवरचा अभियंता, जे असेल ते.