अ‍ॅलिस्टर हातात का येत नाही: ४० पत्त्यांचा हिशोब

प्रश्न: "यू-गी-ओहचा इनव्होक्ड डेक, ४० पत्ते. अ‍ॅलिस्टर ३, मॅजिकल मेल्टडाउन ३, टेराफॉर्मिंग १, इन्व्होकेशन २. ७ गुणिले ५ भागिले ४० केलं तर ८७.५ टक्के येतात, तरी दर दोन-तीन गेममागे एकदा अ‍ॅलिस्टर गायब. मित्र म्हणतो एक मेल्टडाउन काढ आणि इन्व्होकेशन ३ कर. करू का?"

मेल्टडाउन काढू नकोस. आणि तुझा डेक नीट चाललाय, गणित चुकलंय.

ते ०.८७५ म्हणजे पाच पत्त्यांच्या हातात अ‍ॅलिस्टर, मेल्टडाउन आणि टेराफॉर्मिंग मिळून जे सात पत्ते होतात त्यांपैकी सरासरी किती येतात तो आकडा आहे, शक्यता नव्हे. ज्या हातात दोन मेल्टडाउन आले तो हात त्यात दोनदा मोजला गेलाय, पण तुझं काम तर एकानेच होणार होतं. म्हणून उलटं मोजायचं, एकही न येण्याची शक्यता काढायची. सात सोडून बाकी ३३ पत्ते आहेत, पहिला पत्ता त्या ३३ मधला असण्याची शक्यता ३३/४०, तो गेला की उरले ३९ मधले ३२, मग ३८ मधले ३१, मग ३०/३७ आणि २९/३६. पत्ता उचलला की परत डेकमध्ये जात नाही म्हणून वरचा-खालचा दोन्ही आकडे एकेक करून उतरतात, हायपरजिओमेट्रिक म्हणतात ते एवढंच. पाचही गुण, ०.३६ येईल. म्हणजे १०० पैकी ३६ हातांत काहीच नाही आणि ६४ मध्ये निदान एक तरी. दर तीन गेममागे एकदा गायब हे तू जे बघतोयस ते अगदी हिशोबात बसतं.

शीटमध्ये असं टाक, क्रम नीट बघ: किती हवेत, किती उचलले, डेकमध्ये कामाचे किती, एकूण किती.

```
=1-HYPGEOMDIST(0,5,7,40)
```

आता सातच का धरले, तर मेल्टडाउन अ‍ॅक्टिव्हेट झालं की अ‍ॅलिस्टर हातात आणतं, आणि टेराफॉर्मिंग मेल्टडाउन आणतं, त्यामुळे शेवटी सगळे अ‍ॅलिस्टरच. नुसते ३ अ‍ॅलिस्टर असते तर ३३.८ टक्के, म्हणजे सर्चरनी, डेकमधून पत्ता शोधून आणणाऱ्या पत्त्यांनी, जवळपास दुप्पट केलंय. की-कार्डच्या कॉपी मोजताना त्याचे सर्चर धरले नाहीत तर सगळा हिशोब फसतो, लोक इथेच गंडतात.

मित्राचं ऐकलंस तर सातचे सहा होतील आणि ६३.९ चे ५७.७ टक्के. एका पत्त्यामागे सहा टक्के गेले. बदल्यात काय मिळालं? इन्व्होकेशन तर अ‍ॅलिस्टर नॉर्मल समन झाला की स्वतःच शोधून आणतो आणि अ‍ॅलिस्टरशिवाय तुझ्या डेकमध्ये ते जवळजवळ पडूनच राहतं. हातात इन्व्होकेशन आहे पण त्या सातांतलं काहीच नाही असे हात आत्ता १०० मध्ये साधारण १० येतात, मित्राच्या यादीत (म्हणजे ६ आणि ३) १६ येतील. हे वजाबाकीने निघतं, सात नसलेले हात घ्यायचे आणि त्यातून सात आणि इन्व्होकेशन दोन्ही नसलेले काढायचे.

मग इन्व्होकेशन एकच का ठेवू नये? ठेवता येईल, पण ते एक १२.५ टक्के वेळा सुरुवातीलाच हातात येतं आणि मग अ‍ॅलिस्टरला शोधायला डेकमध्ये काही उरत नाही, सर्च वाया. दोन ठेवले तर दोन्ही एकदम हातात यायची शक्यता १.३ टक्के. म्हणून मी दोनच ठेवतो.

मेल्टडाउनच्या बाबतीत एक अडचण खरी आहे, एका टर्नला एकच अ‍ॅक्टिव्हेट होतं, दुसरं आलं तर त्या टर्नला बिनकामाचं. पण तीन कॉपी असताना दोन किंवा जास्त येण्याची शक्यता ३.६ टक्केच आहे, सहा टक्के मिळवायला हे मला चालतं. जास्तीचा अ‍ॅलिस्टर तर वाया जातच नाही, हातातून टाकून फ्यूजन मॉन्स्टरचा अटॅक १००० ने वाढवता येतो.

दुसरा खेळणार असशील तर सहा पत्ते धर, ५ च्या जागी ६, मग ७१.१ टक्के येतात.

आणि या आकड्यात समोरचा धरलेला नाही हे लक्षात घे, हातात फक्त मेल्टडाउन होतं आणि त्याने सर्च रोखणारं अ‍ॅश ब्लॉसम टाकलं तर सर्च गेला, शीट त्या हाताला पास म्हणते. हे बघायला घरी ४० हात काढून वहीत लिही, २५-२६ हातांत त्या सातांपैकी काहीतरी दिसायला हवं, तीनचार इकडेतिकडे चालतात. त्यातल्या किती हातांत सगळं एकाच सर्चरवर टांगलंय ते वेगळं लिही. दहाच हात काढून ठरवू नकोस, दहात चार वेळाच आलं तरी ते नॉर्मल आहे आणि तू उगाच डेक बदलत बसशील.