रविवारची संध्याकाळ आणि पोटातला गोळा

"रविवारी सहा वाजले की पोटात गोळा येतो. रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि सोमवारी सकाळी तीनदा संडासला पळावं लागतं. कामाचा लोड संपतच नाही. कोणी यातून बाहेर आलंय का?"

मी आलोय, पण वेळ लागला. अंबडला एका कारखान्यात प्लॅनिंग बघतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताणात जठर हळू रिकामं होतं आणि मोठं आतडं मात्र घाईला येतं. म्हणून रात्री जडपणा, सकाळी धावपळ. हे मनाचे खेळ नाहीत, पोटात खरंच घडतं.

मग त्यांनी माझा रविवार विचारला. साडेनऊला उठायचो, अकराला मित्रांबरोबर मिसळ, मग चारपर्यंत झोप, सहाला कडक चहा. रात्री अकराला आडवं झाल्यावर शरीराला झोप हवीच नसायची, आणि त्या रिकाम्या वेळात सोमवार शिरायचा. आता रविवारीही सातला उठतो. दुपारी पडलोच तर वीस मिनिटं, तेही तीनच्या आत. दुपारनंतर चहा नाही. मिसळ सोडली नाही, पण रात्री आठला नुसती मुगाची खिचडी. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर कूस बदलत पडत नाही. बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसतो आणि डोळे जड झाले की परत येतो. पहिले दोन रविवार काही फरक पडला नाही, हे आधीच सांगतो.

पण लोड खरा असेल तर खिचडीने तो कमी होत नाही. शुक्रवारी साडेचारला मी सोमवारची कामं वहीत लिहितो आणि प्रत्येकापुढे तास मांडतो. पहिल्यांदा मांडले तेव्हा प्लॅन तीन, व्हेंडरचा फॉलोअप दोन, स्टॉक टॅली चार, रिपोर्ट अडीच, मीटिंग दीड: एकूण तेरा. शिफ्ट आठ तासांची! वही साहेबांपुढे ठेवली. ते म्हणाले, "सगळंच हवंय." मी म्हटलं, "मग क्रम तुम्ही लावून द्या, साहेब." टॅली बुधवारवर गेली, फॉलोअप दुसऱ्याकडे. राहिले सात तास. "लोड जास्त आहे" असं मी वर्षभर म्हणत होतो, त्याने काही हललं नव्हतं.

रविवारी रात्री त्याच वहीत सोमवारची पहिली तीन कामं लिहितो, पाच मिनिटं. ऑफिसचा ग्रुप उघडत नाही.

शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप घटत असेल किंवा संडाससाठी झोपेतून उठावं लागत असेल, तर त्याला ताण समजून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ही धास्ती रोजचीच झाली असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.