जुन्या लॅपटॉपवर फोटोपी आणि कुरळे केस

प्रश्न: "लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी. फोटोपीमध्ये फोटोचं बॅकग्राउंड बदलतोय, पण सगळं अडकतं आणि केस कापल्यासारखे दिसतात. नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागेल का?"

नका घेऊ. निदान या कामासाठी तरी नका. हा प्रश्न वाचून मला माझा आतेभाऊच आठवला. त्याच्याकडे भारी मशीन आहे, दर महिन्याला पैसे भरायचं सॉफ्टवेअर आहे, आणि फोटोपीसारख्या ब्राउझरमध्येच चालणाऱ्या एडिटरवर काम करणारे सगळे हौशी, असं त्याचं ठाम मत आहे.

झालं असं, की मावसबहिणीला तिचा एक फोटो हवा होता. केस काळेभोर, कुरळे, चारी बाजूंनी उडणारे. मागे फिकट क्रीम रंगाची भिंत आणि त्या जागी तिला झाडी हवी होती. काम अर्थातच आतेभावाकडे गेलं. त्याने खोडरबर घेऊन कडेकडेने भिंत पुसली आणि फोटो पाठवून दिला. बट एकही उरली नव्हती, डोक्यावर हेल्मेट घातल्यासारखं दिसत होतं. ती नाराज झाली तर म्हणाला, "असल्या केसांचं याहून चांगलं होतच नाही." मग तिने मूळ फोटो मला पाठवला. माझा लॅपटॉप तुमच्यासारखाच, ४ जीबीचा.

आधी अडकण्याचं बघू. फोटोपी तुमचा फोटो सर्व्हरवर पाठवून काम करत नाही, सगळं तुमच्याच ब्राउझरमध्ये, तुमच्याच रॅमवर चालतं. मोबाईलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एकच लेअर ४८ एमबीचा होतो. जेपीजी फाइल ३ एमबीची दिसते म्हणून फसू नका, उघडल्यावर ती एवढी फुगते. त्यात आणखी दोन लेअर, मास्क आणि मागे जाण्यासाठी साठवलेल्या पायऱ्या धरा, शिवाय ब्राउझर स्वतः खातो ते वेगळंच. म्हणून फोटो उघडल्याबरोबर, काहीही करण्याआधी, Image > Image Size मध्ये जाऊन रुंदी १६०० करा. लेअर ८ एमबीच्याही खाली येतो आणि ब्रश हाताबरोबर चालू लागतो. मोबाईलवर बघायच्या फोटोला १६०० पुष्कळ झाले.

नव्या बॅकग्राउंडचा फोटो वेगळा उघडून तोही आधी लहान करा, मग Ctrl+A, Ctrl+C करून मुख्य फोटोत चिकटवा. थेट ओढून टाकलात तर तो स्मार्ट ऑब्जेक्ट होऊन बसतो आणि आतलं मोठं चित्र तसंच वागवत राहतो. बाकीचे टॅब बंद करा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन चालू आहे ना तेही बघा, कारण फोटोपी त्यावर बराच अवलंबून आहे. रॅम संपली की टॅब कोसळतो आणि केलेलं सगळं जातं, तेव्हा अधूनमधून File > Save as PSD करत राहा.

आता केस. लोक एकेक बट सिलेक्ट करायला बसतात आणि तिथेच फसतात. कुरळ्या बटेच्या कडेच्या पिक्सेलमध्ये केस आणि भिंत दोन्हींचे रंग मिसळलेले असतात. नुसतं कापलंत तर भिंतीचा रंग झालरीसारखा सोबत येतो, आत सरकून कापलंत तर बट जाते. सिलेक्शनची कड सुधारणारं Refine Edge बऱ्यापैकी मदत करतं, पण काळे केस आणि फिकट भिंत असेल तर मी त्याच्या वाटेला जातच नाही. याहून सोपा रस्ता आहे.

फोटोचा लेअर Ctrl+J ने डुप्लिकेट करा. झाडी सगळ्यात खाली, मध्ये फोटोची एक प्रत, वर दुसरी. वरच्या प्रतीत क्विक सिलेक्शनने बाई सिलेक्ट करून मास्क लावा आणि केसांपाशी मास्क मुद्दाम आतच ठेवा. केसांचा भरीव भाग तेवढा घ्यायचा, उडणाऱ्या बटा सोडून द्यायच्या. मग मधल्या प्रतीचा ब्लेंड मोड Multiply करा. यात वरच्या आणि खालच्या रंगांचा गुणाकार होतो. पांढऱ्याने गुणलं की खालचा रंग जसाच्या तसा राहतो, काळ्याने गुणलं की काळा. म्हणजे भिंत आपोआप नाहीशी होते आणि बटा, अगदी एकेक केससुद्धा, झाडीवर उमटतात. काही कापावंच लागत नाही.

फक्त भिंत पूर्ण पांढरी नसते. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला तर आमची क्रीम भिंत २३० च्या आसपास होती, त्यामुळे झाडी जरा मळकट पिवळी दिसायला लागली. मधल्या प्रतीवर Ctrl+L दाबून Levels उघडा आणि उजवीकडचा पांढरा त्रिकोण भिंत पांढरी होईपर्यंत डावीकडे ओढा. आमचं काम २२० ला झालं. फार ओढलंत तर बारीक केस विरळ होऊ लागतात, तिथे थांबायचं. भिंतीवर पडलेली सावलीही या लेअरमधून खाली उतरते. म्हणून मधल्या लेअरला मास्क जोडा, मास्कवर असतानाच Ctrl+I दाबून तो काळा करा, म्हणजे सगळा लेअर लपतो, आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त केसांभोवती रंगवा. खांद्याजवळची सावली गेली.

मास्कची कड तपासायची असेल तर वरच्या लेअरच्या लगेच खाली भडक लाल रंगाचा लेअर घालून १०० टक्के झूमवर बघा. उरलेली झालर लगेच डोळ्यांत भरते. दुरुस्त झालं की लाल लेअर काढून टाका. शेवटी झाडीवर ४-५ पिक्सेलचा Gaussian Blur द्या. मागचं चित्र माणसाइतकंच टोकदार असलं की चिकटवलेलं कळतं.

मावसबहिणीने तो फोटो प्रोफाइलला लावला. आतेभावाने बघितला आणि म्हणाला, "भिंत फिकट होती म्हणून जमलं." अरे, मग तुझ्याकडेही तीच भिंत होती! महागड्या सॉफ्टवेअरमध्येही हाच Multiply आहे, याच नावाने. हवं तर त्याला हे उत्तर पाठवतो.

पण त्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, ती सांगतो. केस पांढरे किंवा सोनेरी असतील, मूळ भिंत गडद असेल, किंवा नवं बॅकग्राउंड काळोख्या रात्रीचं असेल, तर ही युक्ती चालत नाही. गडद भिंत आणि उजळ केस असतील तर Screen मोडने उलटं करून बघता येतं, तेही नवं बॅकग्राउंड गडद असेल तरच. बाकी वेळी Refine Edge ला पर्याय नाही. त्यात नक्की माणूस तो पांढरा, नक्की बॅकग्राउंड ते काळं आणि केसांचा गोंधळाचा पट्टा करडा रंगवायचा. तो पट्टा अरुंद ठेवा. तुमच्या मशीनवर रुंद पट्ट्याचा हिशोब करायला वेळ लागतो आणि निकालही खराब येतो. आणि मोठ्या आकारात छापायचा फोटो असेल तर १६०० पिक्सेल पुरणार नाहीत. ते काम खुशाल आतेभावासारख्या कुणाला द्या, फक्त खोडरबर वापरू नको म्हणावं.