कर्जात बुडालेलं सरकार आणि व्याजदर वाढवू न शकणारी केंद्रीय बँक

प्रश्न: "महागाई वाढली की केंद्रीय बँकेने व्याजदर वाढवायचा, इतकं समजतं. पण सरकारवर कर्ज खूप असलं की बँकेचे हात बांधले जातात असं का म्हणतात? बँक तर स्वायत्त असते ना?"

आधी हिशोब करू, मग कायद्याकडे वळू.

देशाचा जीडीपी १०० धरा. सरकारचं कर्ज १२०, त्यावर सरासरी व्याज ३ टक्के, म्हणजे वर्षाचं व्याज ३.६. करातून सरकारला २० मिळतात असं समजा. आता महागाई आटोक्यात आणायला बँकेने दर ४ टक्क्यांनी वाढवला. जुन्या रोख्यांवरचं व्याज बदलत नाही, ते ठरलेलं असतं. पण रोखे मुदत संपली की फिटत नाहीत, नवे रोखे विकून जुने फेडले जातात. दरवर्षी एक चतुर्थांश कर्ज असं फिरत असेल, तर पहिल्या वर्षी ३० इतकं कर्ज ३ ऐवजी ७ टक्क्यांवर जातं आणि व्याज १.२ ने वाढतं. दुसऱ्या वर्षी वाढ २.४ होते, चौथ्या वर्षी ४.८. म्हणजे ३.६ चं व्याज ८.४ झालं. करातल्या प्रत्येक १०० मधले आधी १८ व्याजात जात होते, आता ४२ जातात. जीडीपीची वाढ आणि व्याजासाठी काढलेलं जास्तीचं कर्ज मी इथे सोडून दिलं आहे. कर्ज १२० ऐवजी ३० असतं, तर त्याच दरवाढीने चार वर्षांनी व्याज फक्त १.२ ने वाढलं असतं, आणि तेवढं कुठल्याही अर्थमंत्र्याला सोसता येतं.

हे ४.८ कुठून आणायचे, यावर सगळं ठरतं. कर वाढवून किंवा खर्च कापून आणले तर दरवाढ नेहमीसारखी काम करते. लोकांच्या हातातला पैसा कमी होतो, मागणी घटते, महागाई उतरते. पण सरकार कर वाढवणार नाही आणि खर्चालाही हात लावणार नाही, अशी बाजाराची खात्री असेल, तर व्याज नव्या कर्जातून दिलं जातं. ते व्याज रोखेधारकांच्या खिशात जातं आणि त्याच्या बदल्यात कोणाच्याही खिशातून काही निघत नाही. दर जितका चढवावा तितका सरकारचा पैशाचा ओघ अर्थव्यवस्थेत वाढतो. म्हणजे जे औषध ताप उतरवायला दिलं, त्यानेच ताप चढतो. यालाच राजकोषीय वर्चस्व म्हणतात. कर्जाचा आकडा मोठा असणं एवढाच त्याचा अर्थ नाही. अर्थसंकल्प हलणार नाही हे आधीच ठरलेलं असतं आणि मग बँकेलाच हलावं लागतं, हा त्याचा गाभा आहे.

आता स्वायत्ततेचं. याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकेतलं आहे, १९४२ ते १९५१ या काळातलं. युद्धखर्चासाठी सरकारला प्रचंड कर्ज उभारायचं होतं. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्ह किंवा फेडने, जाहीर केलं की सरकारची अल्पमुदतीची ट्रेझरी बिलं ०.३७५ टक्के दराने कोणीही आणली तरी आम्ही घेऊ. दीर्घ मुदतीच्या रोख्यांवरचा परतावा २.५ टक्क्यांच्या वर जाणार नाही, हेही सांभाळलं गेलं. असं करा, असा हुकूम कायद्यात नव्हता. युद्ध चालू असताना नाही म्हणणं शक्यच नव्हतं, इतकंच.

दर बांधून देणं म्हणजे काय, ते नीट बघा. किंमत तुम्ही ठरवली, की किती माल घ्यायचा हे तुमच्या हातात राहत नाही. परतावा २.५ च्या वर सरकायला लागला, म्हणजे रोख्याची किंमत पडायला लागली, की फेडने समोर येईल तो रोखा विकत घ्यायचा. त्याचे पैसे बँकांच्या राखीव खात्यात जमा होतात, आणि तो नवा पैसाच असतो. त्यात एक गंमतशीर गोष्ट घडली. किंमत पडणारच नाही अशी हमी असल्यावर २.५ टक्के देणारा लांबचा रोखा आणि ०.३७५ टक्के देणारं तीन महिन्यांचं बिल सारखेच सुरक्षित झाले. मग बिल धरून कोण बसेल? लोकांनी बिलं फेडच्या गळ्यात टाकली आणि लांबचे रोखे घेतले. शेवटी बाजारातली बहुतांश बिलं फेडकडेच गोळा झाली. बिलांचा हा दर जुलै १९४७ मध्ये सोडून देण्यात आला, पण लांबच्या रोख्यांची मर्यादा तशीच राहिली.

युद्ध संपलं तेव्हा जनतेकडचं सरकारी कर्ज जीडीपीच्या १०६ टक्के होतं. युद्धकाळातली किमतींवरची नियंत्रणं १९४६ मध्ये उठली आणि १९४७ साली ग्राहक महागाई सरासरी १४ टक्क्यांवर गेली. तरीही मर्यादा का सोडली नाही? कारण नुकसान कोणाच्या अंगावर पडणार होतं ते सगळ्यांना दिसत होतं. २.५ टक्के व्याजाचा वीस वर्षांचा रोखा घ्या. बाजारातला परतावा ३.५ झाला, तर १०० चा रोखा साधारण ८६ ला विकला जातो. एका टक्क्याच्या वाढीत १४ गेले. हे रोखे बँकांकडे, विमा कंपन्यांकडे आणि देशप्रेमापोटी ते घेतलेल्या सामान्य कुटुंबांकडे होते. पहिल्या महायुद्धातले लिबर्टी बॉन्ड १९२० मध्ये दर्शनी किमतीखाली घसरले होते, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन ते विसरले नव्हते. अर्थखात्याला नवं कर्ज स्वस्तात हवं होतं हे खरंच. पण हा दुसरा धाकही तितकाच खरा होता, आणि हल्लीच्या चर्चेत तो बहुतेक वेळा सुटून जातो.

जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि लोकांनी पुन्हा साठेबाजी केली. १८ ऑगस्टला फेडने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा सवलतीचा दर, म्हणजे ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो, १.७५ टक्के केला. त्याच दिवशी अर्थखात्याने सुमारे १३ अब्ज डॉलरच्या जुन्या कर्जाच्या जागी तेरा महिन्यांच्या नव्या नोटा जाहीर केल्या, त्याही १.२५ टक्क्यांवर. बाजारात दर चढलेला असताना त्या कोण घेणार? सरकारची कर्जविक्री फसू नये म्हणून बहुतेक नोटा फेडला स्वतःच घ्याव्या लागल्या, आणि तो पैसा परत ओढण्यासाठी हातातले दुसरे रोखे विकावे लागले. या विषयातली एकच घटना लक्षात ठेवायची तर ही ठेवा. दर वाढवायची कायदेशीर मुभा होती, दर वाढवलाही गेला, तरीही कर्जाच्या वेळापत्रकाने बँकेला परत खरेदीला उभं केलं.

फेब्रुवारी १९५१ पर्यंत महागाईचा वार्षिक वेग २१ टक्क्यांवर पोचला. त्याआधी ३१ जानेवारीला ट्रुमन यांनी फेडच्या रोखे खरेदी-विक्री ठरवणाऱ्या संपूर्ण खुल्या बाजार समितीला व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. बैठकीनंतर सरकारकडून जाहीर झालं की समितीने रोख्यांच्या किमती सांभाळायचं वचन दिलं आहे. फेडच्या मंडळावरचे मेरिनर एकल्स यांनी बैठकीचं फेडकडचं टिपण वर्तमानपत्रांना देऊन टाकलं. त्यात तसं वचन नव्हतं. ४ मार्च १९५१ ला अर्थखातं आणि फेड यांचा समझोता जाहीर झाला आणि मर्यादा सांभाळायचं बंधन सुटलं.

हा विजय धैर्याचा होता असं म्हणतात. धैर्य होतंच, पण माझ्या मते दोन गोष्टी तयार नसत्या तर ते फुकट गेलं असतं. पहिली, अर्थसंकल्प. कोरियाच्या युद्धासाठी कर वाढवले गेले, १९५१ च्या आर्थिक वर्षात सरकारकडे शिल्लक होती आणि महागाई व वाढीमुळे कर्ज जीडीपीच्या ८० टक्क्यांखाली आलं होतं. म्हणजे व्याज वाढलं तर ते कशातून द्यायचं, याचं उत्तर होतं. दुसरी, नुकसानीची वाटणी. २.५ टक्क्यांचे लांबचे रोखे असणाऱ्यांना ते २.७५ टक्क्यांच्या, बाजारात न विकता येणाऱ्या रोख्यांत बदलून घेता येतील असं ठरलं. ज्याला पैसे मोकळे करायचे असतील त्याने ते दीड टक्क्याच्या पाच वर्षांच्या नोटांत फिरवायचे आणि त्या विकताना होणारा तोटा सोसायचा. त्यामुळे एकदम विक्रीची लाट आली नाही.

कर्ज मोठं असलं की दर वाढवताच येत नाही, असा मात्र याचा अर्थ काढू नका. २०२२-२३ मध्ये फेडने दर शून्याजवळून ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा जनतेकडचं कर्ज जीडीपीच्या जवळपास शंभर टक्के होतं. दर वाढला आणि महागाई उतरली. पण बिल मागाहून आलं. केंद्र सरकारचा निव्वळ व्याजखर्च २०२१ मधल्या सुमारे ३५० अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये ८८० अब्ज झाला. वर्चस्व आहे की नाही हे त्या दरवाढीने सिद्ध होत नाही. हा वाढीव खर्च करातून भागतो की कर्जातून, ते पुढच्या वर्षांत पाहावं लागतं.

वर्चस्व ओळखायचं कसं? दरवाढीच्या दिवशी चलनाकडे बघा. नेहमी दर वाढला की चलन वधारतं. दरवाढीनंतर चलन पडलं आणि लांबच्या रोख्यांवरचा परतावा दरवाढीपेक्षा जास्त चढला, तर बाजार महागाईचा नव्हे, कर्जफेडीचा हिशोब करतोय असं समजा. ब्राझीलमध्ये २००२ साली असंच झालं. कर्जाचा मोठा भाग डॉलरशी किंवा रोजच्या दराशी बांधलेला होता, त्यामुळे चलन पडलं किंवा दर चढला की कर्ज लगेच वाढे. दर १८ वरून २५ टक्क्यांपर्यंत नेला आणि २००३ च्या सुरुवातीला २६.५ केला. बाजार शांत व्हायला नव्या सरकारने प्राथमिक शिल्लकीचं, म्हणजे व्याज धरण्याआधी उरणाऱ्या शिल्लकीचं, लक्ष्य जीडीपीच्या ३.७५ वरून ४.२५ टक्के करणं मोलाचं ठरलं.

दुसरी खूण कर्जाच्या मुदतीत दिसते, आणि इथे एक चूक हमखास होते. सरकार सांगतं, आमच्या कर्जाची सरासरी मुदत लांब आहे, म्हणून दरवाढ हळूहळू जाणवेल. पण त्यातले बरेच लांबचे रोखे केंद्रीय बँकेने विकत घेतलेले असतील, तर त्यांच्या बदल्यात तिने व्यापारी बँकांना राखीव ठेवी दिलेल्या असतात आणि त्यांवर चालू दराने व्याज द्यावं लागतं. सरकार आणि बँक एकत्र धरली तर तेवढं कर्ज एका रात्रीच्या मुदतीचं झालेलं असतं. दरवाढीच्या दुसऱ्याच दिवशी बँकेचा व्याजखर्च वाढतो, बँक तोट्यात जाते आणि सरकारला दरवर्षी मिळणारा नफा बंद होतो. म्हणून वरच्या हिशोबातलं "वर्षाला एक चतुर्थांश" हे प्रमाण काढताना केंद्रीय बँकेकडचे रोखे आधी वजा करा, त्यांच्या जागी राखीव ठेवी पहिल्याच दिवशी महागणाऱ्या कर्जात धरा, आणि मग बँकेला किती जागा उरते ते बघा.