अनारसे तुपात हसू नयेत म्हणून

"पीठ आठ दिवस मुरवलं, तरी अनारसा तुपात टाकला की पसरून विरघळतो. उरलेले कडक होतात. वरून कुरकुरीत आणि आत मऊ कसे करायचे?"

अनारसा हसतो तेव्हा बहुतेक वेळा पिठात गूळ जास्त झालेला असतो किंवा पीठ फार ओलं राहिलेलं असतं. तापलेल्या तुपात गूळ पातळ होतो. त्याला धरून ठेवायला पीठ कमी पडलं की अनारसा फुटून पसरतो.

आमच्याकडे सांगलीत गुळाला तोटा नाही, पण अनारशाला साधा, मऊ, किसता येणारा गूळच घ्या. चिक्कीचा गूळ चालत नाही, त्यानेच अनारसे कडक होतात. तांदूळ जुना, जाडा घ्यायचा. नवा इंद्रायणी चिकट होतो. तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मग उपसून सावलीत कापडावर पसरा. हाताला ओल लागली पाहिजे, पण दाणे बोटांना चिकटता कामा नयेत. हीच वेळ दळायची. उन्हात खडखडीत वाळवलात तर पीठ गूळ शोषत नाही. दळल्यावर बारीक चाळणीने चाळा, रवाळ पीठ तुपात सुटतं.

पीठ आणि गूळ बरोबरीने घ्यायची जुनी रीत आहे. मी 500 ग्रॅम ओलसर पिठाला 400 ग्रॅम किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घेते. मूठभर पीठ मात्र वाळवून बाजूला ठेवते, ते पुढे कामाला येतं. घट्ट गोळे करून डब्यात झाकून ठेवायचे. पाच-सहा दिवसांत गूळ सुटून गोळे सैल पडतात.

तळायच्या दिवशी आधी सुपारीएवढा गोळा तुपात सोडून बघा. विरघळला तर राखून ठेवलेलं पीठ दोन चमचे मळून घ्या आणि पुन्हा बघा. नीट फुलेपर्यंत असंच करत जा. उलट थापताना कडेला चिरा पडत असतील तर दुधाचा हबका मारा. काही जण केळं घालतात, पण त्याने अनारसे फार दिवस टिकत नाहीत.

खसखशीवर गोळा ठेवून बोटांनी थापा, मधे किंचित पातळ. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडा, उलटायचा नाही. खसखस खाली गेली की करपते आणि तूपही काळं होतं. झाऱ्याने वरून तूप उडवत राहा. आच मंद ते मध्यम. तूप फार तापलं तर कडा लगेच तांबूस होतात, आत मात्र कच्चं राहतं आणि जाळी पडत नाही. थंड तुपात तर चांगलं पीठही हसतं. एका वेळी एकच तळा.

बदामी झाला की काढून चाळणीत उभा ठेवा, म्हणजे तूप निथळेल. गरम असताना तो मऊच लागेल, म्हणून आणखी तळत बसू नका. गार होताना वरचा गूळ आळतो आणि कुरकुरीतपणा तेव्हा येतो.